रंग शेवटी द्यावा

प्रश्न : आमच्या स्वेटरच्या कारखान्यात दर हंगामाअखेर काही रंगांचा माल पडून राहतो, तर काही रंग अपुरे पडतात. उपाय काय?

उत्तर : इटलीतील बेनेटन या कंपनीने हाच पेच ओळखून, सूत आधी रंगवून मग विणण्याचा रूढ क्रम उलटविला आणि बिनरंगी लोकरीचे स्वेटर विणून ठेवून, दुकानांतील विक्रीचा कल कळल्यावर ते रंगविण्याची तजवीज केली, कारण एकूण मागणीचा अंदाज बराचसा जमतो, फसतो तो रंगवार अंदाज. मात्र विणलेला नग रंगविण्यास खर्च अधिक येतो, तो आकसण्याचा संभव असतो, आणि बहुरंगी नक्षीस ही रीत निरुपयोगीच. म्हणून सरसकट बदल करू नये. हमखास खपणारे रंग पूर्वीप्रमाणेच विणावेत आणि बेभरवशाच्या रंगांपुरताच माल कोरा राखावा.