अडकलेला ड्रिल चक कसा काढावा?

प्रश्न : आमच्या पिलर ड्रिलचा १३ मिमी चक बदलायचा आहे. बाजूने हातोडी मारूनही निघत नाही. काय करावे?

उत्तर : आधी हातोडी थांबवा. बाजूच्या घावांनी टेपर सुटत नाही, उलट स्पिंडल वाकण्याची आणि बेअरिंग खराब होण्याची भीती असते.

मशीनचा प्लग काढा. हँडल फिरवून स्पिंडलची बाहेरची नळी, म्हणजे क्विल, खाली आणा. तिच्या अंगावर लांबट खाच दिसेल. आता चक हाताने हळूहळू फिरवा. आतल्या स्पिंडललाही तशीच खाच असते आणि दोन्ही समोरासमोर आल्या की आरपार उजेड दिसतो. उजेड न दिसता ड्रिफ्ट, म्हणजे चक काढायची पाचर, ठोकली तर ती स्पिंडललाच ओरखडे पाडते.

खाचेतून दिसणारे चपटे टोक चकच्या आर्बरचे. ड्रिफ्टची गोल कड वर आणि सपाट कड या टोकावर येईल अशी ती घाला. चकचे जबडे आत घ्या, टेबल वर आणून त्यावर लाकडी फळी ठेवा, मग ड्रिफ्टच्या रुंद टोकावर हलका पण नेमका ठोका द्या. टेपर एकदम सुटतो, त्यामुळे दुसरा हात चकखाली धरू नका; चक फळीवरच पडू द्या.

खाचच सापडली नाही तर तुमचा चक बहुधा थेट स्पिंडलच्या आखूड टेपरवर बसवलेला आहे. तिथे ही ड्रिफ्ट निरुपयोगी. चकच्या वर दोन्ही बाजूंनी सरकवायच्या दुबेळक्या पाचरांची जोडी लागेल.