चाल ओठांवर, गाणे हरवलेले

प्रश्न : लहानपणी रेडिओवर ऐकलेल्या गाण्याची फक्त चाल आठवते. ते कसे शोधू?

उत्तर : मोबाइलवरील गूगल ॲपमध्ये माइकचे चिन्ह दाबा, गाणे शोधण्याचा पर्याय निवडा आणि १०-१५ सेकंद गुणगुणा. पट्टी कोणतीही चालेल, कारण जुळवला जातो तो स्वरांचा चढउतार. म्हणूनच हरकती टाळून मुखडा साध्या ‘ना ना’वर, ठेक्यात गा. दर वेळी वेगळेच गाणे समोर आले, तर तुम्हाला आठवणारा तुकडा मधल्या वाद्यमेळाचा असू शकतो. मग अंतरा गाऊन पाहा. एकाच रागातल्या गाण्यांचे मुखडे फसवतात, तेव्हा सापडलेले गाणे अंतऱ्यापर्यंत ऐकूनच खात्री करा. जुने, दुर्मीळ भावगीत असे सापडेलच असे नाही. त्यासाठी गुणगुणणे रेकॉर्ड करून एखाद्या जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्याला ऐकवा.