राउटरचे पान उघडत नाही? आधी पत्ता तपासा

समजा, कॉटन ग्रीनच्या एका गोदामातील राउटरचे पान नेहमी 192.168.0.1 या पत्त्यावर उघडत असे. मग इंटरनेट कंपनीने फायबरचा नवा डबा बसवला आणि जुना राउटर त्याला जोडला. इंटरनेट चालू आहे, पण नेहमीच्या पत्त्यावर भलतेच पान येते आणि जुना पासवर्ड लागत नाही.

कारण साधे आहे. नव्या डब्याचा पत्ताही तोच आहे. दोघांचा पत्ता एक झाला की गोंधळ होतो, म्हणून बरेच राउटर आपला पत्ता आपणच बदलून 192.168.1.1 असा काही करतात. जुन्या पत्त्यावर दिसते ते डब्याचे पान.

खरा पत्ता शोधण्यासाठी राउटरला जोडलेल्या विंडोज संगणकावर Command Prompt उघडून पुढील आज्ञा द्यावी:

```
ipconfig
```

`Default Gateway` समोरचा आकडा ब्राउझरमध्ये टाकावा. मात्र राउटर केवळ वाय-फाय पसरवण्यापुरता लावला असेल, तर तेथे डब्याचाच पत्ता दिसेल. अशा वेळी डब्याच्या पानावरील जोडलेल्या यंत्रांच्या यादीत राउटर शोधावा.

घाईने रीसेटचे बटण दाबू नये. वाय-फायचा पासवर्ड आणि प्रिंटर-कॅमेऱ्यासाठी केलेली सारी मांडणी पुसली जाते.