ई-ऑफिसचा ई-मेल कुणी वाचलाच नाही!

प्रश्न : आमच्या संग्रामपूरच्या कार्यालयात ई-ऑफिस सुरू होतंय. सर्वांना ई-मेल पाठवला, तरी प्रशिक्षणाला तिघंच आले. कुठं चुकलं?

उत्तर : तुमच्या ई-मेलचं पहिलं वाक्य असं आहे : ‘शासन निर्देशानुसार सदर प्रणाली कार्यान्वित करण्यात येत असून सर्वांनी प्रशिक्षणास उपस्थित राहावे.’ तारीख सोबतच्या पीडीएफमध्ये, तीही दुसऱ्या पानावर. मोबाइलवर पीडीएफ कोण उघडणार?

विषयाच्या ओळीतच तारीख घाला : ‘ई-ऑफिस प्रशिक्षण : मंगळवार १० किंवा गुरुवार १२, सकाळी ११’. दोन दिवस द्या, म्हणजे सोनाळा-टुनकीच्या दौऱ्यावर असलेल्यांना पर्याय राहील.

फायदा ‘पारदर्शकता, गतिमानता’ असा लिहू नका. त्याऐवजी लिहा : ‘फाइल कोणाच्या टेबलावर, किती दिवस अडकली, हे आपल्याच स्क्रीनवर दिसेल. शोधत फिरायला नको.’ लिपिकाला हे लगेच पटतं. अडचणही लपवू नका : ‘पिवळी टिप्पणी दुरुस्त करता येते, हिरवी झाली की येत नाही.’ पहिल्या आठवड्यात लोक इथंच अडकतात.

मदतीसाठी ‘संबंधितांशी संपर्क साधावा’ हे सर्वांत निरुपयोगी वाक्य. कोणत्या अडचणीला कोण, ते सांगा : ‘लॉगिन किंवा पासवर्ड अडला तर आस्थापना शाखेत अमुक यांना फोन, १० ते ५. फाइल चुकीच्या टेबलावर गेली तर आधी आपल्या शाखाप्रमुखांना सांगा.’ नाव आणि नंबर खरा हवा. तो माणूस रजेवर असेल तर दुसरा कोण, तेही.

पाठवण्याआधी शिपायाला वाचायला द्या आणि विचारा, कधी यायचं? उत्तराला वेळ लागला, तर पुन्हा लिहा.