प्रिंटरचा पत्ता कायम कसा ठेवावा?

प्रश्न : राउटर पुन्हा सुरू केल्यावर प्रिंटर ‘ऑफलाइन’ का दिसतो?

उत्तर : राउटरमधील डीएचसीपी ही सेवा उपकरणांना आयपी पत्ते ठरावीक मुदतीपुरतेच देत असल्याने 192.168.1.23 वरील प्रिंटरला कधी दुसराच पत्ता मिळतो, आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर मजकूर पाठवत राहतो. यावर राउटरच्या डीएचसीपी विभागात प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी, म्हणजे त्याच्या नेटवर्क जोडणीच्या ओळखक्रमांकासाठी, 192.168.1.50 सारखा मोकळा पत्ता राखून ठेवावा, प्रिंटर बंद करून पुन्हा सुरू करावा आणि संगणकातील प्रिंटरच्या पोर्टमध्येही हाच पत्ता नोंदवावा. केबल व वाय-फाय यांचे मॅक पत्ते भिन्न असतात (फसगत बहुधा इथेच होते). त्यामुळे वाय-फायसाठी केलेले आरक्षण केबल जोडल्यावर लागू होत नाही.