भाऊजींच्या वाढदिवसाचा मजकूर

चि. सौ. बेबी हिस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

जावईबापूंच्या जिवलग स्नेह्यांना वाढदिवसानिमित्त पाठवावयाच्या मजकुराचा मसुदा तू तपासण्यासाठी धाडलास, तो मी दोनदा नीट वाचला. ज्यांना तू लग्नात एकदा आणि नंतर रेल्वे स्थानकावर घटकाभर भेटलीस, अशा गृहस्थांना आपणहून चार ओळी लिहाव्यात असे तुला वाटले, ही गोष्ट मला फार भावली. लग्नानंतर पतीचे आप्त आपले होतात ते नात्याच्या जोरावर. त्याचे मित्र मात्र कोणत्याही नात्याने आपल्या वाट्यास येत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्याशी घडलेला पहिला स्वतंत्र व्यवहार, मग तो एका लहानशा संदेशाचा का असेना, जपून करावा लागतो. दूरध्वनीवर हे सांगता आले असते. पण तुझ्या प्रत्येक वाक्यासंबंधी काही म्हणायचे असल्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

तुझा मसुदा समोर असावा म्हणून तो येथे उतरवून घेतो: “वस्ताद भाऊजी, वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा! यांच्याकडून तुमच्याविषयी इतके ऐकले आहे की तुम्ही मला परके वाटतच नाही. तुमच्यासारखा प्रेमळ, निःस्वार्थी आणि दिलदार मित्र लाखात एक. या वर्षी तरी तुमची बढती होवो. आता लवकर आमच्या घरी या, नाही आलात तर मी रागावेन हं!”

यातील ‘वस्ताद’ हे संबोधन आधी काढ. वसतिगृहाच्या एका खोलीत चार वर्षे काढताना, मेसच्या पातळ आमटीवर आणि परीक्षेच्या धास्तीवर एकत्र दिवस कंठताना त्या दोघांमध्ये जे नाव रूढ झाले, त्यावर त्या दोघांचाच हक्क आहे. ते नाव तुझ्या लेखणीतून उतरले म्हणजे तुझी जवळीक सिद्ध होत नाही. उलट आपला मित्र घरी आपल्याविषयी कशा भाषेत बोलतो, याचाच विचार त्यांच्या मनात प्रथम येईल. ते तुला लग्नाच्या मांडवापासून ‘वहिनी’ म्हणत आले आहेत, म्हणून तू त्यांना केवळ ‘भाऊजी’ म्हणावेस आणि पुढील सर्व क्रियापदे आदरार्थी ठेवावीत, एवढ्याने आपुलकी आणि अदब या दोहोंचाही मान राहतो.

दुसरे वाक्य पुष्कळांच्या लिहिण्यात येते आणि ते लिहिणाऱ्याचा हेतू नेहमी निर्मळच असतो. तथापि ‘तुमच्याविषयी खूप ऐकले आहे’ असे वाचणाऱ्या माणसास, काय ऐकले असेल, ही शंका आल्यावाचून राहत नाही. विशेषतः आपल्या मित्राच्या पत्नीने जे ऐकू नये असे वाटते, असे तारुण्यातले काहीतरी थोडेबहुत प्रत्येकाजवळ असतेच. शिवाय त्या वाक्यात तुझे स्वतःचे असे काहीच नाही. जे आहे ते जावईबापूंच्या आठवणींतून उसने आणलेले आहे. प्रेमळ, निःस्वार्थी, दिलदार या विशेषणांचेही तसेच. ती खरी असतील, किंबहुना खरी आहेतच. पण ती तू पारखलेली नाहीस, आणि आपण न पारखलेल्या गुणांची ग्वाही देऊ लागलो की वाचणाऱ्याला तो मजकूर कोणालाही पाठवता आला असता असे वाटते. त्यांचे नाव झाकून तोच मजकूर दुसऱ्या कोणा स्नेह्याला लागू पडतो का, हे पाहिलेस म्हणजे माझे म्हणणे तुझे तुलाच पटेल.

बढतीचे वाक्य मात्र मी सर्वांत गंभीर समजतो. भाऊजी भूमि-अभिलेख खात्यात भूकरमापक आहेत, एवढे सर्वांना ठाऊक आहे. पण सेवाज्येष्ठतेच्या यादीत त्यांचे नाव कोठे अडले आणि त्यामुळे ते किती कष्टी आहेत, ही हकीकत त्यांनी एका रात्री आपल्या मित्राजवळ उघडी केली, आणि मित्राने ती विश्वासाने तुझ्याजवळ. पतिपत्नींत असे बोलणे होणे स्वाभाविक आहे. परंतु ती गोष्ट शुभेच्छेच्या रूपाने परत त्यांच्याच हाती गेली, तर पुढच्या वेळी मन मोकळे करताना ते क्षणभर अडखळतील, आणि त्या दोघांमधील एक जुनी मोकळी वाट तुझ्या सदिच्छेमुळे अरुंद होईल. त्यातही ‘या वर्षी तरी’ या शब्दांमुळे मागच्या सगळ्या वर्षांची निराशा ऐन वाढदिवशी समोर मांडली जाते. तो संदेश ते कदाचित कचेरीत, मोजणीच्या नकाशांवर वाकलेले असताना, शेजारच्या सहकाऱ्यादेखत उघडतील, हेही ध्यानात असू दे. जे दुःख त्यांनी तुला स्वतः सांगितलेले नाही, त्याबद्दल तू त्यांचे सांत्वनही करू नयेस.

घरी येण्याचे निमंत्रण प्रेमाचे आहे; पण त्यास दिवस नाही, वार नाही, आणि ‘नाही आलात तर’ ही अट आहे. त्यांना एक तर ‘नक्की येतो’ असे मोघम उत्तर द्यावे लागेल किंवा रजेची अडचण सांगत बसावे लागेल. वाढदिवशी माणसाकडे अनेकांचे निरोप येतात, आणि अल्पपरिचितांना काय लिहावे हा प्रश्न त्यालाही पडतोच; तेव्हा आपल्या मजकुरात प्रश्न नसावा, आर्जव नसावे, केवळ ‘आभारी आहे’ असे म्हटले तरी व्यवहार पुरा व्हावा, एवढी सोय आपण करून ठेवावी. निमंत्रण द्यायचेच असेल तर दिवाळीपूर्वी, तारीख ठरवून, तुम्ही उभयतांनी मिळून द्या.

आता लिहावे काय, तर जे तू स्वतः पाहिलेस ते. तुझ्या मसुद्यासोबतच्या निरोपात तू सहज एक गोष्ट लिहिलीस, ती मसुद्यात यायची ती राहून गेली. लग्नाच्या पंगतीत आमचे बाबा, म्हणजे तुझे आजोबा, एका बाजूस बसले होते. त्यांना ऐकू येत नाही, दातही उरलेले नाहीत, आणि वाढपी आग्रह करून पुढे सरकत होते. भाऊजी स्वतःचे पान सोडून त्यांच्याजवळ बसले, प्रत्येक पदार्थाचे नाव त्यांच्या कानाशी लागून सांगू लागले, जिलबी मठ्ठ्यात मऊ करून त्यांच्या पानात ठेवू लागले, आणि पंगत उठेपर्यंत हलले नाहीत. हे तू वधूच्या पाटावरून पाहिलेस. जावईबापूंनी ते पाहिले नव्हते, आणि आपण पाहिले गेलो आहोत हे भाऊजींनाही ठाऊक नाही. चार वर्षांच्या सहवासाच्या कथा तुझ्यापाशी नसोत; ही एक गोष्ट तुझ्याजवळ अस्सल आहे, आणि ती सांगण्याचा अधिकार सर्वस्वी तुझा आहे.

मी तो मजकूर असा केला असता: “भाऊजी, नमस्कार. वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. आमच्या लग्नाच्या पंगतीत तुम्ही माझ्या आजोबांजवळ बसून त्यांना सावकाश जेवू घातलेत, ते मी दुरून पाहिले होते. त्या गडबडीत तुम्हाला सांगायचे राहून गेले. हे वर्ष तुम्हाला आरोग्याचे आणि समाधानाचे जावो.” खाली तुझे नाव आणि त्याच ओळीत जावईबापूंचे, कारण तुझा क्रमांक भाऊजींच्या फोनमध्ये नोंदलेला नसण्याचा संभव आहे आणि अनोळखी क्रमांकावरून आलेला मजकूर माणूस आधी साशंकतेने वाचतो. ‘तुमचे उपकार कधी विसरणार नाही’ अशी जोड मात्र देऊ नकोस. त्यांनी ते उपकार म्हणून केले नव्हते, आणि त्या साध्या कृतीवर मोठ्या शब्दांचे ओझे पडले तर त्यांना संकोच वाटेल. आरोग्य आणि समाधान या दोनच इच्छा मी ठेवल्या. धन, कीर्ती, यश यांची यादी वाढवली असती तर तीत बढती पुन्हा मागच्या दाराने शिरली असती.

एक शंका तारखेची. तू १ जून लिहिली आहेस, आणि ती तारीख पाहून मी थबकलो. आपल्याकडे शाळा जूनमध्ये भरत, आणि मुलाची जन्मतारीख घरी कोणास नेमकी सांगता आली नाही, म्हणजे गुरुजी वयाच्या हिशेबाने १ जून ही तारीख दाखल करून मोकळे होत. पुढे तीच दाखल्यावरून नोकरीच्या दप्तरात जाई. खेड्यात वाढलेल्या कितीतरी लोकांचा हा कागदोपत्री वाढदिवस आहे. भाऊजी खरोखरच त्या दिवशी जन्मले असतील तर उत्तमच. पण हे जावईबापूंना एका प्रश्नात विचारून घे. भाऊजींच्या मातोश्री तिथीने औक्षण करीत असतील तर तेही विचार, कारण तिथी साधारणपणे दर वर्षी अकरा दिवस आधी येते आणि मध्ये अधिक महिना पडला की सुमारे एकोणीस दिवस पुढे जाते, तेव्हा गेल्या वर्षीची आठवण या वर्षी उपयोगी पडत नाही. त्याच वेळी त्यांच्या घरी वर्षभरात कोणी वारले आहे काय, याचीही चौकशी कर. तसे असल्यास ‘शुभेच्छा’ हा शब्द गाळून नुसती पंगतीची आठवण आणि आरोग्याची इच्छा एवढेच ठेव.

पाठवण्यापूर्वी मजकूर जावईबापूंना एकदा दाखव, पण तपशील बरोबर आहे ना एवढ्यापुरताच. ते प्रेमाने त्यात वसतिगृहातील एखादी गंमत घालू पाहतील. ती त्यांनी आपल्या निरोपात घालावी. तुझा निरोप वेगळा जाऊ दे, आणि मित्रमंडळींच्या समूहात न टाकता थेट भाऊजींनाच पाठव. उत्तरादाखल दोन शब्द आले तर तेवढ्यावर थांब. सविस्तर आले आणि त्यांनी आजोबांची विचारपूस केली, तर बाबांची प्रकृती ठीक आहे आणि सकाळी अंगणात काठी घेऊन फिरतात, असे खुशाल कळव.

तुझ्या मामीने कुरडया करून ठेवल्या आहेत, त्या पुढील आठवड्यात येणाऱ्या मंडळींबरोबर धाडतो. जावईबापूंस व तुझ्या सासूबाईंस सा. नमस्कार सांगावा. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा