प्रकृती, जनुकप्रकार आणि ऑड्स : लॉजिस्टिक रिग्रेशनमधील सहगुणक कसा वाचावा

प्रकृतिविषयक शोधनिबंध अलीकडे वैद्यांच्या वाचनात वारंवार येतात. त्यांतील कोष्टकात ‘सहगुणक १.५१’ किंवा ‘ऑड्स रेशो ४.५’ असे आकडे असतात. त्यांचा अर्थ ‘साडेचारपट शक्यता’ असा सर्रास लावला जातो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. ही चूक केवळ शब्दांची नाही; ती रुग्णाच्या सल्ल्यापर्यंत पोहोचते. प्रस्तुत लेखात एका प्रत्यक्ष अभ्यासाच्या आधारे या आकड्यांचे वाचन करावयाचे आहे.

पुण्यातील योगिता घोडके, कल्पना जोशी व भूषण पटवर्धन यांचा एक निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात १३२ निरोगी व्यक्तींची प्रकृती व त्यांच्या ‘सीवायपी-२-सी-१९’ या जनुकाचा प्रकार यांचा संबंध तपासला होता. हे जनुक यकृतातील एका विकराची (एन्झाइमची) घडण ठरविते, आणि अनेक आधुनिक औषधांचे शरीरातील रूपांतर या विकरावर अवलंबून असते. ज्यांच्यात ते अत्यंत मंद चालते त्यांना ‘मंद रूपांतरक’ म्हणू. असा जनुकप्रकार कफ प्रकृतीच्या ३१ टक्के, वात प्रकृतीच्या १२ टक्के आणि पित्त प्रकृतीच्या ९ टक्के व्यक्तींत आढळला. अग्नीविषयीच्या आपल्या धारणेशी हे जुळते म्हणून वैद्यांना याचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. तूर्त आपण आकड्यांकडेच पाहू.

प्रथम ‘ऑड्स’ म्हणजे काय ते पाहू. एखादी गोष्ट असण्याचे प्रमाण, ती नसण्याच्या प्रमाणाने भागले की ऑड्स मिळतात. पित्त प्रकृतीत शंभरांत ९ मंद रूपांतरक, ९१ तसे नाहीत. ऑड्स ९ ÷ ९१ म्हणजे ०.०९९. कफ प्रकृतीत ३१ ÷ ६९ म्हणजे ०.४४९. वात प्रकृतीत १२ ÷ ८८ म्हणजे ०.१३६. कफाचे ऑड्स पित्ताच्या ऑड्सने भागले असता ४.५४ येतात. हाच ऑड्स रेशो. (मूळ निबंधाच्या सारांशात ३.५ असा आकडा आहे. तो २/३ या एका विशिष्ट जनुकप्रकारापुरता आहे. येथे आपण सर्व मंद रूपांतरक एकत्र धरले आहेत.)

मग लॉगरिदम कशासाठी? शक्यता नेहमी ० आणि १ यांच्या मध्येच राहते. वय, प्रकृती, वजन अशा घटकांची बेरीज करून सरळ रेषेने शक्यता काढू गेल्यास उत्तर कधी ऋण, तर कधी एकाहून अधिक येते, आणि त्याला काही अर्थ उरत नाही. ऑड्सला वरची मर्यादा नसते. परंतु ते शून्याखाली जात नाहीत. ऑड्सचा लॉगरिदम घेतला की दोन्ही बाजूंच्या मर्यादा संपतात. शक्यता निम्मी असेल तर लॉग ऑड्स शून्य, त्याहून कमी असेल तर ऋण, अधिक असेल तर धन. या मोजपट्टीवर बेरीज-वजाबाकी निर्धास्तपणे करता येते. लॉजिस्टिक रिग्रेशन हेच करते. ‘लॉजिट’ हा शब्द जोसेफ बर्कसन यांनी १९४४ साली याच राशीसाठी योजला.

आपल्या तीन गटांचे लॉग ऑड्स असे येतात : पित्त −२.३१४, वात −१.९९२, कफ −०.८००. पित्त हा तुलनेचा पाया मानला तर संगणक −२.३१४ हा स्थिरांक देईल. वाताचा सहगुणक −१.९९२ मधून −२.३१४ वजा करून ०.३२ येतो आणि कफाचा १.५१४. म्हणजे सहगुणक हा दोन गटांच्या लॉग ऑड्समधील फरक आहे. लॉगमधील फरक म्हणजे मूळ संख्यांतील भागाकार. म्हणूनच e चा १.५१४ वा घात घेतला की पुन्हा ४.५४ मिळतात आणि ०.३२ चा घेतला की १.३८. पाया बदलून वात घेतला तर कफाचा आकडा ३.२९ होईल. तेव्हा कोष्टक वाचताना तुलना कोणाशी आहे हे आधी शोधावे; ते बहुधा कोष्टकाखाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

आता लॉग ऑड्सवरून शक्यतेकडे परत यावयाचे. त्याचे सूत्र असे :

```
p = 1 / (1 + e^(-z))
```

येथे z म्हणजे लॉग ऑड्स आणि p म्हणजे शक्यता. कफासाठी z = −०.८; e चा ०.८ वा घात २.२२६, त्यात १ मिळवून ३.२२६, १ ला त्याने भागले की ०.३१. मूळचे ३१ टक्के हाती आले. z च्या निरनिराळ्या किमती घेऊन p चा आलेख काढला तर तिरका ताणलेला इंग्रजी ‘एस’ दिसतो. त्याला सिग्मॉइड वक्र म्हणतात. तो दोन्ही टोकांना जवळजवळ सपाट आणि मध्यभागी सर्वांत चढा असतो.

या वक्रामुळेच ‘साडेचारपट’ या शब्दाचा घोटाळा होतो. ४.५४ हा ऑड्सचा गुणक आहे, शक्यतेचा नव्हे. पित्ताची ९ टक्के शक्यता सरळ ४.५४ ने गुणली तर ४१ टक्के येते; प्रत्यक्ष आकडा ३१ आहे, म्हणजे शक्यता सुमारे ३.४ पट. हाच गुणक वक्रावर निरनिराळ्या ठिकाणी लावून पाहावा. पायाची शक्यता १ टक्का असेल तर ती ४.४ टक्के होते. येथे ऑड्सचा व शक्यतेचा गुणक जवळपास एकच आहे. ५० टक्के असेल तर ८२ होते, म्हणजे दुपटीहूनही कमी. ९० टक्के असेल तर ९७.६ होते. सहगुणक प्रत्येक वेळी तोच १.५१४, पण शक्यतेतील वाढ कोठे साडेतीन टक्क्यांहून कमी, कोठे बत्तीस, तर कोठे साडेसात टक्क्यांच्या आसपास. विरळ गोष्टींत ऑड्स रेशोला ‘पट’ म्हटले तर फारसे बिघडत नाही. सामान्य गोष्टींत बिघडते. म्हणून निबंधात पायाची टक्केवारी दिलेली नसेल, तर एकट्या ऑड्स रेशोवरून रुग्णाला काहीही सांगू नये असे माझे मत आहे.

वयासारख्या मोजता येणाऱ्या घटकाचा सहगुणक एका एककासाठी असतो. समजा, संधिगतवाताच्या एखाद्या अभ्यासात वयाचा सहगुणक दर वर्षास ०.०५ आहे. एका वर्षाचा गुणक १.०५१. दहा वर्षांसाठी ५.१ टक्क्यांची दहापट करावयाची नाही. सहगुणक दहाने गुणून ०.५ येतो आणि त्यावरून १.६५ हा गुणक मिळतो. लॉगमध्ये बेरीज, ऑड्समध्ये गुणाकार, एवढे ध्यानी ठेवले की पुरे.

व्यवहारातील प्रसंग घेऊ. हृदयविकारानंतर दिली जाणारी क्लोपिडोग्रेल ही गोळी याच विकरामुळे कार्यक्षम रूपात येते. मंद रूपांतरकांत तिचा परिणाम कमी होतो. यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली तिच्या माहितीपत्रकात ठळक इशारा घातला. शुक्रवार पेठेतील एखाद्या औषधालयात कफ प्रकृतीचा रुग्ण ही चिठ्ठी घेऊन आला, तर ‘साडेचारपट’ हा शब्द आठवून त्याला गोळी निरुपयोगी आहे असे सुचविण्याचा मोह होईल. परंतु त्याच अभ्यासात कफ प्रकृतीचे शंभरांत ६९ जण मंद रूपांतरक नव्हते. प्रकृतिपरीक्षण हे जनुकतपासणीची जागा घेऊ शकत नाही; गोळी बंद करणे किंवा मात्रा बदलणे हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाचाच. शिवाय −२.३१४ हा स्थिरांक त्या अभ्यासातील निरोगी व्यक्तींचा आहे. आपल्याकडे येणारे रुग्ण वयाने व घराण्याने निराळे असतील तर स्थिरांक बदलेल. गुणक त्या मानाने स्थिर राहतो, पण तोही राहीलच अशी हमी नाही.

गुणक कितपत भरवशाचा, हे व्यक्तींच्या संख्येवर ठरते. केवळ गणितासाठी धरू की तीनही गटांत ४४-४४ व्यक्ती होत्या. मग कफात १४ मंद व ३० इतर, पित्तात ४ मंद व ४० इतर असे आकडे येतील. लॉग ऑड्स रेशो १.५४. त्याची प्रमाण त्रुटी काढण्यासाठी चारही संख्यांचे व्यस्त मिळवून वर्गमूळ घ्यावयाचे : १/१४ + १/३० + १/४ + १/४० = ०.३८, वर्गमूळ ०.६२. यात एकट्या १/४ चा वाटा ०.२५ आहे, अभ्यासात १३२ व्यक्ती असल्या तरी खात्री त्या चार जणांवर टांगलेली आहे. १.५४ च्या दोन्ही बाजूंस १.९६ पट त्रुटी घेतली की लॉगमध्ये ०.३३ ते २.७५ आणि ऑड्समध्ये सुमारे १.४ ते १५.६ अशी व्याप्ती मिळते. ती लॉगमध्ये समतोल आणि ऑड्समध्ये एकांगी दिसते. एकांगी दिसली म्हणून छपाईची चूक समजू नये.

याच निबंधात आणखी एक निरीक्षण आहे : १/३ हा जनुकप्रकार केवळ पित्त प्रकृतीत आढळला. येथे लॉजिस्टिक रिग्रेशन अडते. कफ गटातील संख्या शून्य, म्हणून ऑड्स शून्य, आणि शून्याचा लॉगरिदम ऋण अनंत. संगणक थांबत नाही. तो −१८ सारखा सहगुणक छापतो आणि शेजारी हजारांच्या घरातील प्रमाण त्रुटी. अशी जोडी दिसली की कोष्टकात कोठेतरी रिकामा कप्पा आहे हे ओळखावे. स्वतंत्र इशारा मिळेलच असे नाही. मोठ्या कामासाठी डेव्हिड फर्थ यांची १९९३ ची दुरुस्ती वापरतात. हाताने करावयाचे तर प्रत्येक कप्प्यात अर्धा मिळविण्याचा उपाय आहे, तो जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९५६ साली मांडला. हेच हॉल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले व १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. पुन्हा ४४ चेच गट धरून, पित्तात तिघांत हा प्रकार आढळला असे मानू. कफाचे ऑड्स ०.५ ÷ ४४.५, पित्ताचे ३.५ ÷ ४१.५, गुणोत्तर ०.१३. प्रमाण त्रुटी १.५३, आणि व्याप्ती ०.००७ ते २.७. या व्याप्तीत १ बसतो. तेव्हा अशा संख्यांवर ‘केवळ पित्त प्रकृतीत’ या शब्दांतून कफ व पित्त यांत भेद सिद्ध होत नाही. त्यासाठी अधिक व्यक्ती तपासाव्या लागतील.